खताचा मेसेज आता सोमवारी नाही, मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी

शहापूर-मुरबाडच्या सर्व सभासदांसाठी.

आपला भाताचा सल्ला दर सोमवारी सकाळी यायचा. तो आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी 7 नंतर येईल. कारण समजून घ्या.

आपण हवामान विभागाच्या कृषी सल्ला पत्रकावरून मेसेज बनवतो. ते पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं आणि पुढच्या पाच दिवसांचा अंदाज देतं. शुक्रवारचं पत्रक शनिवार ते बुधवार चालतं. म्हणजे सोमवारचा आपला मेसेज तीन दिवस जुन्या अंदाजावर असायचा आणि बुधवारी संपायचा.

यात नुकसान कसं होतं ते बघा. आवणीनंतर फुटवे येताना युरियाचा दुसरा हप्ता देतो, सुधारित जातीला एकरी साधारण 35 किलो. युरिया पडल्या पडल्या मातीला धरत नाही. त्याला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात खाचर भरून बांधावरून पाणी गेलं, तर खतही गेलं. म्हणून खत टाकायच्या दिवसाचा आणि पुढच्या तीन दिवसांचा पाऊस माहीत हवा. सोमवारचा मेसेज वाचून मंगळवारी युरिया टाकला, तर शुक्रवारपर्यंतचा अंदाज लागतो, पण पत्रक बुधवारीच संपलेलं असतं. मंगळवारी संध्याकाळचा मेसेज बघून बुधवारी टाकला, तर रविवारपर्यंतचं चित्र हातात असतं.

*पत्रक उशिरा आलं तर?* सुट्टीमुळे कधी तसं होतं. आम्ही 7 पर्यंत थांबू. नाहीच आलं तर मेसेजवर "जुन्या पत्रकावरून" असं लिहू आणि त्यात खत-फवारणीचा सल्ला देणार नाही. नवीन पत्रक आलं की दुसरा मेसेज येईल. तोवर युरिया गोणीतच राहू द्या.

*अंदाज बदलला तर?* मुंबईचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्ह्याचा अंदाज आणि इशारा रोज नव्याने देतं. मंगळवारी "हलक्या सरी" म्हटलेला शनिवार गुरुवारी नारिंगी होऊ शकतो. तसं झालं तर आम्ही "सुधारित" शब्द टाकून लगेच मेसेज पाठवू. तो आला की आधीचा रद्द समजा आणि जुना कोणाला फॉरवर्ड करू नका. खत टाकायच्या दिवशी सकाळी ग्रुप एकदा उघडून बघाच.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. इशारा पूर्ण ठाणे जिल्ह्याचा असतो. माळशेजच्या पायथ्याला आणि खाली ठाणे शहरात पाऊस सारखा पडत नाही. तेव्हा डोंगराकडच्या खाचरवाल्यांनी पिवळा इशारा असला तरी युरिया एक-दोन दिवस पुढे ढकलावा.

प्रत्येक मेसेजच्या पहिल्या ओळीत आता दोन तारखा असतील: पत्रक कधीचं आणि अंदाज कधीपर्यंतचा. दुसरी तारीख तुमच्या खताच्या दिवसापासून तीन दिवस पुढे नसेल, तर पुढच्या मेसेजची वाट बघा.