यंत्र चालू, हिशेब मात्र अर्धवट

कारखान्यात नवे प्रेस मशीन बसवायचे, तर खर्चाची बिले महिनोन्‌महिने येत राहतात. ईआरपीमध्ये त्यासाठी आधी एक प्रकल्प क्रमांक उघडतात आणि प्रत्येक खरेदी ऑर्डरवर तो टाकतात. समजा, मशीन ८० लाखांचे, वाहतूक २, पाया ५, उभारणी आणि चाचणी ३ लाख. हे ९० लाख ‘प्रगतीपथावरील भांडवली काम’ या खात्यात साठतात आणि तिथे असेपर्यंत त्यांवर घसारा लागत नाही. कामगारांच्या प्रशिक्षणाचा लाखभर मात्र यात घालता येत नाही, तो त्याच वर्षाचा खर्च.

चाचणी यशस्वी होऊन मशीन वापरायला तयार झाले, की त्या तारखेला ही रक्कम स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत जायला हवी. उत्पादन प्रत्यक्ष कधी सुरू झाले, याने फरक पडत नाही. नेमके इथेच घोडे अडते. ठेकेदाराचे शेवटचे बिल यायचे आहे म्हणून लेखा विभाग थांबतो. अभियंते तयारीचा दाखला पाठवतच नाहीत. थांबणे मला चूक वाटते, कारण राहिलेल्या बिलाची अंदाजे तरतूद करता येते.

मशीन १ ऑक्टोबरला तयार झाले, आयुष्य १५ वर्षे धरले आणि भंगाराची किंमत सोडली, तर मार्चअखेर ३ लाखांचा घसारा बसतो. नोंद राहिली, तर नफा तेवढाच फुगतो. ओळखायची खूण सोपी आहे: प्रकल्पावर कित्येक महिने नवा खर्च नाही, पण त्याच मशीनवर उत्पादनाच्या नोंदी रोज पडताहेत.