अकरा विरुद्ध सहा

सदाशिव पेठेतला एमपीएससीचा एक क्लास उदाहरणासाठी घेऊ. जाहिरातीवर टिचकी मारणारा विद्यार्थी ज्या पानावर येतो, त्यावर मथळा आहे ‘अनुभवी मार्गदर्शकांसोबत एमपीएससीची तयारी’ आणि खाली बटण आहे ‘फॉर्म भरा’. सरांनी दुसरं पान करून घेतलं. त्यावर ‘नोकरी सांभाळून एमपीएससी : रोज संध्याकाळी दोन तास’ असा मथळा, आणि बटणावर ‘मोफत डेमो लेक्चरला जागा ठेवा’. रोज शंभरेक लोक येतात; निम्म्यांना जुनं पान दिसतं, निम्म्यांना नवं. तिसऱ्या दिवशी रात्री आकडे आले. दोन्ही पानं दीड-दीडशे लोकांनी पाहिली, जुन्यावरून 6 चौकश्या आल्या, नव्यावरून 11. म्हणजे 83 टक्के वाढ! वेबसाइट सांभाळणारा मुलगा म्हणतो, सर, जुनं पान काढून टाकू.

थांबायला हवं, आणि का ते नाणं उडवून समजतं. दोन्ही पानांत काडीचाही फरक नसता, तर आलेली प्रत्येक चौकशी कोणत्या पानावरून आली हे निव्वळ छापा-काटा ठरला असता. एकूण 17 चौकश्या म्हणजे 17 वेळा उडवलेलं नाणं. त्यात 11-6 किंवा त्याहून एकतर्फी निकाल, मग तो कोणत्याही बाजूचा असो, साधारण तीन वेळांतून एकदा येतो. पानं सारखी असतानाही जो फरक तीन वेळांतून एकदा निव्वळ योगायोगाने दिसतो, त्यावर जाहिरातीचा पैसा लावू नये. टक्केवारी इथे फसवते, कारण ‘83 टक्के’ म्हटलं की त्यामागे जेमतेम पाच माणसं आहेत हे दिसेनासं होतं.

मग किती लोक हवेत? ते आपण केवढा फरक शोधतो आहोत यावर ठरतं. जुन्या पानावर शंभरातले 4 चौकशी करतात आणि नव्यावर 6 करतील अशी आशा असेल, तर प्रत्येक पानाला सुमारे 1,860 लोक लागतात. रोज शंभरच्या हिशेबाने पाच-सहा आठवडे. (इथे नेहमीचा संकेत धरला आहे : फरक नसताना ‘आहे’ म्हणण्याची चूक शंभरात पाच वेळा चालेल, आणि खरा फरक शंभरातल्या ऐंशी वेळा सापडायला हवा.) 4 वरून 5 होईल एवढीच अपेक्षा असेल तर प्रत्येकी 6,700 लागतात. आणि 4 वरून 4.4, म्हणजे बटणाचा रंग निळ्याचा केशरी केल्याने होईल तर होईल इतपत फरक, तो पकडायला प्रत्येकी 39,000 हून अधिक. या क्लासला दोन वर्षांहून जास्त काळ लागेल. तोवर परीक्षेचा अभ्यासक्रमही बदललेला असेल.

म्हणून लहान धंद्याने रंग आणि गोल कोपरे यांच्या चाचण्या करूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बराक ओबामांच्या प्रचारमोहिमेने 2007 च्या डिसेंबरात चार बटणं आणि सहा चित्रं-व्हिडिओ यांच्या चोवीस जोड्या लावून पाहिल्या, त्याचा दाखला फार दिला जातो. पण त्या चाचणीत 3,10,382 लोक होते. एकेका जोडीला सुमारे तेरा हजार. आपल्याकडे एवढी गर्दी नाही, तेव्हा दोनच पानं ठेवावीत आणि त्यांच्यातला फरक ठसठशीत असावा. सरांच्या दोन पानांत तो आहे. मथळा वेगळ्या विद्यार्थ्याशी बोलतो, बटण वेगळी गोष्ट देऊ करतं. नवं पान जिंकलं तर श्रेय मथळ्याचं की बटणाचं हे कळणार नाही, पण क्लासला विद्यार्थी हवेत. श्रेयाची वाटणी पुढच्या चाचणीत करता येईल.

आता खरी अडचण. सहा आठवडे आकडे न पाहता कोण बसेल? रोज पाहायचं आणि फरक ‘सिद्ध’ दिसला त्या दिवशी थांबायचं, यात मोठा घोळ आहे. पीटर आर्मिटेज आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्येच हिशेब मांडला होता : शंभरात पाच चुकांची कसोटी वाढत्या आकड्यांवर दहा वेळा लावली, तर चुका पाचाऐवजी एकोणीस होतात. जितक्यांदा डोकवाल तितक्यांदा योगायोगाला संधी.

रोज पाहूनही न फसण्याची एक सोपी रीत आहे. इव्हान मिलर यांनी ती 2015 मध्ये लिहिली, आणि ती कागदावर जमते. दोन्ही पानं मिळून किती चौकश्यांवर थांबायचं ते आधीच लिहून ठेवायचं, सरांसाठी 200. त्याचं वर्गमूळ काढून सव्वादोनने गुणायचं : 14.14 गुणिले 2.25, म्हणजे जवळपास 32. एक पान दुसऱ्यापेक्षा 32 चौकश्यांनी पुढे गेलं की ते जिंकलं. तसं न होता एकूण 200 भरल्या, तर निकाल नाही, चाचणी बंद. 11-6 मध्ये आघाडी फक्त 5 ची आहे. 4 चे 6 होण्याइतका फरक खरंच असेल, तर ही रीत साधारण पाचातल्या चार वेळा तो पकडते. एकच अट, चौकशी करणारे एकूण लोकांच्या मानाने थोडे असावेत आणि पाहणारे दोन्हीकडे समसमान वाटलेले असावेत.

ही समान वाटणी वाटते तितकी सहज मिळत नाही. फेसबुकवर दोन जाहिराती लावून एकीला जुनं पान आणि दुसरीला नवं जोडलं की झाली चाचणी, असं अनेकांना वाटतं. पण कोणती जाहिरात कोणाला दाखवायची हे तिथली यंत्रणा स्वतः ठरवते, त्यामुळे दोन पानांवर दोन निराळ्या प्रकारचे लोक येतात. वाटणी पानाच्या पत्त्यावर, चिठ्ठ्या टाकल्यासारखी व्हायला हवी आणि एकदा नवं पान दिसलेल्याला पुढच्या वेळीही नवंच दिसायला हवं. रोजच्या चौकश्यांआधी पाहणाऱ्यांचे आकडे बघावेत. 2,000 लोकांत 1,080 आणि 920 असं दिसलं तर ते योगायोगाने दहा हजारात तीन-चार वेळाच होतं. कुठेतरी बिघाड आहे. बहुतेक एक पान मोबाइलवर उशिरा उघडतं आणि लोक त्याआधीच निघून जातात. अशा चाचणीतून जिंकलेलं पान मानू नये, ती पुन्हा लावावी.

नोकरी करणारे उमेदवार बहुधा शनिवार-रविवारी निवांत बसून शोधतात. चाचणी शनिवारी सकाळी सुरू केली तर ‘नोकरी सांभाळून’ म्हणणारं पान पहिल्या दोन दिवसांत साहजिकच पुढे जाईल. म्हणून 32 ची आघाडी लवकर मिळाली तरी दोन पूर्ण आठवडे होऊ द्यावेत. एमपीएससीचा निकाल लागतो तो आठवडा मात्र टाळावा, तेव्हा येणारी गर्दी एरवीची नसते.

आणि मोजायचं काय? बटणावरच्या टिचक्या भराभर जमतात, म्हणून त्या मोजायचा मोह होतो. ‘मोफत’ या शब्दावर टिचक्या वाढणारच. मोजायची ती फोन नंबर दिलेली चौकशी, आणि तीही एका नंबरची एकदाच; आईच्या फोनवरून एक आणि स्वतःच्या फोनवरून एक असे दोन फॉर्म भरणारे असतात, ते ऑफिसातल्या ताईंनाच ओळखता येतात. नंतर त्या दोनशे नंबरांतले किती डेमोला प्रत्यक्ष आले हे वहीत लिहून ठेवावं. त्या आकड्यावर निकाल लावण्याइतकी संख्या नसते, पण जिंकलेल्या पानाचे विद्यार्थी डेमोला फिरकतच नसतील तर ते त्यातून लक्षात येतं.

समजा पाचव्या आठवड्यात नवं पान 104 वर आणि जुनं 72 वर पोचलं. 32 ची आघाडी झाली, जुनं पान उतरवायला हरकत नाही. आकड्यांवरून वाढ 44 टक्के दिसते, पण पुढच्या बॅचच्या खुर्च्या त्या हिशेबाने मागवू नयेत. आघाडीच्या क्षणी थांबवलेल्या चाचणीत फरक खऱ्यापेक्षा फुगलेला असण्याचीच शक्यता जास्त. आणि 200 भरूनही आघाडी 15-20 वरच राहिली, तर पानं सारखीच आहेत असं सिद्ध होत नाही. फार मोठा फरक बहुधा नाही, एवढंच. मग जे पान पाहून ताईंना फोनवर कमी समजावून सांगावं लागतं, ते ठेवावं.