कोणती प्रोसेस किती थांबली? गँट चार्ट आणि सरासरी वेटिंग टाइम

ऑपरेटिंग सिस्टिमच्या परीक्षेतला सीपीयू शेड्युलिंगचा प्रश्न बहुधा ठरावीक साच्यात येतो. तीन-चार प्रोसेसची यादी असते. प्रत्येकीचा अरायव्हल टाइम म्हणजे ती कधी आली, आणि बर्स्ट टाइम म्हणजे तिला सीपीयू एकूण किती वेळ लागणार, एवढे दिलेले असते. शेड्युलिंगची पद्धतही सांगितलेली असते. त्यावरून सरासरी वेटिंग टाइम काढायचा असतो. प्रोसेस तयार असूनही सीपीयू न मिळाल्यामुळे रेडी क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, जेवढा वेळ ताटकळते तो तिचा वेटिंग टाइम.

हे उत्तर काढण्यासाठी काळाची एक आडवी पट्टी आखतात. कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत सीपीयू कोणाकडे होता, हे तिच्यावर चौकटींनी दाखवतात. हा गँट चार्ट. हेन्री गँट (१८६१–१९१९) या अमेरिकन अभियंत्याने कारखान्यातील कामांच्या नियोजनासाठी असे तक्ते रूढ केले, म्हणून त्याचे नाव त्यांना मिळाले. शेड्युलिंगच्या प्रश्नात मात्र एकच सीपीयू असल्याने एक पट्टी पुरते.

पुढील चार प्रोसेस उदाहरण म्हणून घेता येतील. वेळ मिलिसेकंदांत आहे.

| प्रोसेस | अरायव्हल टाइम | बर्स्ट टाइम |
|---|---|---|
| पी१ | ० | ५ |
| पी२ | १ | ३ |
| पी३ | २ | १ |
| पी४ | ४ | २ |

सर्वांत सोपी पद्धत ‘फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह’. जो आधी आला त्याचे काम आधी आणि पूर्ण. पी१ ० ते ५, पी२ ५ ते ८, पी३ ८ ते ९ आणि पी४ ९ ते ११ अशी पट्टी तयार होते. इथे प्रत्येक प्रोसेस एकदाच सुरू होते आणि संपेपर्यंत थांबत नाही. त्यामुळे सुरू झालेल्या वेळेतून आल्याची वेळ वजा केली की वेटिंग टाइम मिळतो: अनुक्रमे ०, ४, ६ आणि ५. बेरीज १५, सरासरी ३.७५. पी३चे काम अवघ्या एका मिलिसेकंदाचे, पण ते सहा मिलिसेकंद अडकून पडले. मोठ्या कामामागे छोटी कामे अशी खोळंबली की सरासरी फुगते.

‘राउंड रॉबिन’ पद्धतीत प्रत्येकीला ठरावीक वेळेचा तुकडा मिळतो. त्याला टाइम क्वांटम म्हणतात. तो संपला आणि काम उरले, तर प्रोसेस रांगेच्या शेवटी जाते. बहुतेक चुका याच पद्धतीत होतात, कारण इथे पट्टीबरोबर रांगही लिहीत जावे लागते. क्वांटम २ धरू. पी१ ० ते २ चालते. दरम्यान १ वाजता, म्हणजे घड्याळ १ वर असताना, पी२ आलेली असते. घड्याळ २ वर येते तेव्हा दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात: पी३ येते आणि पी१चा क्वांटम संपतो. रांगेत आधी कोण? पाठ्यपुस्तकांत सहसा नव्याने आलेली प्रोसेस आधी आणि सीपीयू सोडणारी नंतर, असा संकेत पाळतात. त्यानुसार रांग पी२, पी३, पी१ अशी होते.

आता पी२ २ ते ४ चालते. ४ वर पी४ येते आणि पी२चाही क्वांटम संपतो. त्याच संकेताने रांग पी३, पी१, पी४, पी२ अशी लागते. पी३ला एकच मिलिसेकंद हवे असल्याने ती ५ला संपते. उरलेला अर्धा क्वांटम वाया न जाता पुढची प्रोसेस लगेच सुरू होते. संपूर्ण पट्टी अशी:

| पी१ | पी२ | पी३ | पी१ | पी४ | पी२ | पी१ |
|---|---|---|---|---|---|---|
| ०–२ | २–४ | ४–५ | ५–७ | ७–९ | ९–१० | १०–११ |

इथे ‘सुरू झाल्याची वेळ वजा आल्याची वेळ’ हे जुने सूत्र लावले तर पी१चे उत्तर ० येते आणि ते चुकीचे आहे. ती पुढे दोनदा थांबलेली आहे. या सूत्राने पहिल्यांदा सीपीयू मिळेपर्यंतचा वेळ कळतो, म्हणजे रिस्पॉन्स टाइम. वेटिंग टाइमसाठी सर्व पद्धतींना चालणारे सूत्र वेगळे आहे: काम संपल्याच्या वेळेतून आल्याची वेळ वजा केली की टर्नअराउंड टाइम मिळतो, आणि त्यातून बर्स्ट टाइम वजा केला की वेटिंग टाइम. पी१: ११ – ० – ५ = ६. पी२: १० – १ – ३ = ६. पी३: ५ – २ – १ = २. पी४: ९ – ४ – २ = ३. बेरीज १७, सरासरी ४.२५.

बरोबरीच्या क्षणी उलटा संकेत घेतला, म्हणजे सीपीयू सोडणारी प्रोसेस आधी रांगेत घातली, तर पी३ ७ला, पी२ ८ला, पी४ १०ला आणि पी१ ११ला संपते. वेटिंग टाइम ६, ४, ४, ४ होऊन सरासरी ४.५ येते. दोन्ही पट्ट्या नियमाला धरून आहेत, तरी उत्तरे वेगळी आहेत. म्हणून प्रश्नात संकेत दिला असेल तर तोच घ्यावा. दिला नसेल तर उत्तराच्या सुरुवातीला आपण घेतलेला संकेत एका ओळीत लिहावा.

‘शॉर्टेस्ट रिमेनिंग टाइम फर्स्ट’ या पद्धतीत नवी प्रोसेस आली की तुलना करायची असते. तुलना उरलेल्या वेळेची असते, मूळ बर्स्ट टाइमची नव्हे. १ वर पी१चे ४ उरलेले असतात आणि पी२ला ३ हवे असतात, म्हणून पी२ सुरू होते. २ वर पी२चे २ उरतात, पी३ला १ हवे असते. पी३ पुढे जाते आणि ३ला संपते. मग पी२ परत येते. ४ वर पी४ येते तेव्हा पी२चे १ उरलेले असते, पी४ला २ हवे असतात, म्हणून पी२ला थांबवले जात नाही. मूळ बर्स्ट टाइम ३ पाहून इथे पी४ला सीपीयू देणे ही नेहमीची चूक. पुढे पी२ ५ला, पी४ ७ला आणि पी१ ११ला संपते. वेटिंग टाइम ६, १, ०, १. सरासरी फक्त २.

पट्टी बरोबर आहे की नाही, हे दोन प्रकारे तपासता येते. सर्व बर्स्ट टाइमची बेरीज इथे ११ आहे आणि तिन्ही पट्ट्या ११लाच संपतात. मध्ये सीपीयू रिकामा राहणार असेल तर ती मोकळी चौकटही दाखवावी लागते आणि पट्टी तेवढी लांबते. दुसरी तपासणी मोकळ्या जागांची. राउंड रॉबिनमध्ये पी२ १ ते २ आणि ४ ते ९ थांबली. १ आणि ५ मिळून ६. सूत्राचे उत्तरही तेच.

या गणितात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एका प्रोसेसकडून दुसरीकडे जाताना लागणारा कॉन्टेक्स्ट स्विचचा वेळ शून्य मानतात. तो दिला असेल तर चौकटींच्या मध्ये वेगळा आखावा लागतो आणि वेटिंग टाइम त्यानुसार वाढतो. शिवाय बर्स्ट टाइम आधीच माहीत असतो असे मानतात. प्रत्यक्ष संगणकाला तो माहीत नसतो. मागच्या बर्स्टवरून पुढचा अंदाजावा लागतो. त्यामुळे शॉर्टेस्ट रिमेनिंग टाइमची २ ही सरासरी कागदावर मिळते, प्रत्यक्षात मात्र ती अंदाज कितपत बरोबर ठरतो यावर अवलंबून राहते.