ग्रंथातून येणारे नामाक्षर

बारसे ठरले की आपल्याकडे पंचांग उघडले जाते. जन्मवेळेवरून नक्षत्र, नक्षत्राच्या चरणावरून अक्षर. इंदूर किंवा हैदराबाद येथे एखाद्या शीख शेजाऱ्याकडून नामकरणाचे आमंत्रण आले, तर तेथे मात्र घटिका-पळांचा हिशेब कोणी करीत नाही. बाळंतीण हिंडती-फिरती झाली, स्नान झाले, की कोणताही दिवस चालतो. सोयराची अडचण शीख रहित मर्यादेला मान्यच नाही.

घरच्यांची तयारी मुख्यतः कडाह प्रसादाची. कणीक, तूप आणि साखर समभाग घ्यावयाची. कणीक तुपात मंद आचेवर तांबूस होऊन तूप सुटेपर्यंत परतावयाची आणि मग साखरेचे उकळते पाणी घालून घोटावयाची. आपल्या शिऱ्याची ही सख्खी बहीणच. पण वेलदोडा-बेदाण्यांचा थाट येथे नाही. ग्रंथसाहेबांवर घालण्यासाठी पुष्कळ घरी नवा रुमाला, म्हणजे आच्छादनवस्त्र, नेतात. जुन्या रुमाल्यातून बाळाचे अंगडे शिवणे मात्र मर्यादेला मंजूर नाही.

गुरुद्वारात आनंदाचे शबद गाऊन झाले, की ग्रंथी १४३० पृष्ठांचा ग्रंथ सहज हाताला येईल तेथे उघडतो. डाव्या पानाच्या माथ्यावरचे पद वाचावयाचे. त्याचा आरंभ मागच्या पानावर असेल, तर पान उलटून तेथूनच सुरुवात करावयाची. नवख्याची चूक होते ती येथे. पदावर रागाचे नाव व ‘महला’ असे शीर्षक असते. ते जमेस न धरता पदाच्या पहिल्या शब्दाचे आद्याक्षर घेतात.

समजा, अक्षर ‘स’ आले. आपल्या चरणाक्षरात ‘सा’ आणि ‘सी’ निराळे; गुरुमुखीत मात्रेचे बंधन नाही. म्हणून सतनाम, सिमरन, सुखदीप, सगळी दारे उघडी. स्वरांचे तर तीनच वाहक आहेत. ‘इ’च्या वाहकावर ‘ए’ही बसतो, तेव्हा इंदरजीत जसे चालेल तसेच एकमही. ग्रंथी नाव सुचवितो, कुटुंबही सुचविते. संगतीची संमती मिळाली की ते जाहीर होते. मनात आधीच हरप्रीत ठरवून आलेल्या आजीला अशा वेळी ते नाव निमूटपणे बाजूला ठेवावे लागते. सुखदीप मुलाचे की मुलीचे, हे पुढच्या ‘सिंघ’ वा ‘कौर’वरून कळते.

त्यानंतर आनंदसाहेबाच्या सहा पौड्या, अरदास आणि प्रसाद.

आम्हांस यात विशेष वाटते ते एक. ग्रंथसाहेबांत आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. पान त्यांतल्या एखाद्यावर उघडले, तर पंजाबातल्या बाळाला त्याचे अक्षर नामदेवांकडून मिळते.