कोणत्या परिपथाला कोणती पद्धत?

पदविका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला किर्चहॉफचे नियम विचारा, तो न अडखळता सांगेल. मेश, नोड, सुपरपोझिशन, थेवेनिन, स्टार-डेल्टा ही नावेही त्याला पाठ असतात. पण पुस्तकात प्रत्येक पद्धतीचे प्रकरण वेगळे आणि त्याखालची उदाहरणे त्याच पद्धतीची. त्यामुळे पद्धत निवडण्याची वेळ त्याच्यावर कधी येतच नाही. परीक्षेत नुसती आकृती समोर आली की तो सवयीने मेश घेतो आणि तीन समीकरणांच्या आकडेमोडीत कुठेतरी एखादे चिन्ह चुकतो.

ही निवड शिकवायला एकच आकृती पुरते, असे माझे मत आहे. ती म्हणजे बारावीतही भेटणारा व्हीटस्टनचा सेतू, पण समतोल नसलेला. कागद घ्या आणि सोबत काढत चला. वर अ, खाली ड, मध्ये डावीकडे ब आणि उजवीकडे क. अ-ब मध्ये ३ ओहम, ब-ड मध्ये ६, अ-क मध्ये १२, क-ड मध्ये ४ आणि मधल्या ब-क फांदीत ५ ओहमचा रोध. अ आणि ड यांच्यामध्ये १२ व्होल्टची बॅटरी, तिचे धन टोक अ कडे.

पहिला प्रश्न असा की, नुसत्या एकसर-समांतर जोडण्यांनी हे सुटेल का? ३ आणि ६ एकसर दिसतात खरे, पण ब पाशी तिसरी वाट फुटते, म्हणून ते एकसर नाहीत. कोणतेही दोन रोध समांतरही नाहीत. सेतू समतोल असता तर मधली फांदी सरळ पुसून टाकता आली असती. इथे ३/६ आणि १२/४ ही गुणोत्तरे वेगळी आहेत, तेव्हा ती सोय नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती न करता पुढे जाऊ देऊ नये.

आता मेश की नोड? इथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही, मोजणीचा आहे. बॅटरी धरून फांद्या ६ आणि जोडबिंदू ४. मेशची समीकरणे फांद्या वजा बिंदू अधिक एक, म्हणजे ३. नोडची समीकरणे बिंदू वजा एक, म्हणजे तीही ३. पण ड ला शून्य व्होल्ट मानले की अ चा विभव १२ व्होल्ट हे बॅटरीनेच सांगून टाकले आहे. अज्ञात उरले फक्त ब आणि क. म्हणून इथे नोड पद्धत दोन समीकरणांत काम भागवते. बॅटरीऐवजी स्थिर धारा देणारा स्रोत असता तर त्या मेशमधली धारा आधीच ठाऊक असती. मग मेशची समीकरणे दोन झाली असती आणि नोडची तीनच राहिली असती. बॅटरीला अंतर्गत रोध असेल तर मात्र अ चा विभवही अज्ञात होतो आणि दोन्ही पद्धती बरोबरीला येतात.

बिंदूतून बाहेर जाणाऱ्या धारांची बेरीज शून्य, असे ब आणि क पाशी लिहू. छेद काढून टाकल्यावर मिळते:

२१ ब − ६ क = १२०
−१२ ब + ३२ क = ६०

यांतून ब = ७ व्होल्ट आणि क = ४.५ व्होल्ट. मधल्या फांदीत ब कडून क कडे २.५/५, म्हणजे ०.५ अँपिअर धारा वाहते. उत्तर बरोबर आहे का, हे पाहायची उत्तम रीत शक्तीची. अ मधून एकूण ५/३ अधिक ७.५/१२, म्हणजे सुमारे २.२९ अँपिअर धारा निघते. ती १२ ने गुणली की बॅटरी २७.५ वॅट देते असे येते. पाचही रोधांमधल्या शक्तीची बेरीज स्वतंत्रपणे करून पाहा, तीही २७.५ वॅटच भरते. एखादे चिन्ह चुकले असते तर हा मेळ बसला नसता.

इथवर आपण परिपथाकडे पाहिले. पण निवड प्रश्नाकडे पाहूनही करावी लागते. समजा, फक्त बॅटरीतून निघणारी धारा विचारली आहे. मग अ-ब-क या त्रिकोणाचे स्टारमध्ये रूपांतर करावे. ३, १२ आणि ५ यांच्या जागी अ कडे १.८, ब कडे ०.७५ आणि क कडे ३ ओहम येतात. पुढे सगळे एकसर-समांतर होते, एकूण रोध सुमारे ५.२४ ओहम आणि धारा पुन्हा २.२९ अँपिअर. मात्र या रूपांतरात ५ ओहमचा रोध आकृतीतून नाहीसा होतो. नेमकी त्याच्यातली धारा हवी असेल, तर ही वाट लांबची.

आणि समजा असे विचारले की, मधल्या फांदीत ५ ऐवजी २० ओहम घातले तर? मग १०० घातले तर? प्रत्येक वेळी दोन समीकरणे नव्याने सोडवणे हा शुद्ध वेळेचा अपव्यय. फ्रेंच तारखात्यातील अभियंता लिऑन थेवेनिन याने १८८३ मध्ये मांडलेले प्रमेय अशा वेळीच उपयोगी पडते. मधली फांदी काढून टाका. आता ब चा विभव १२ × ६/९ = ८ व्होल्ट, क चा १२ × ४/१६ = ३ व्होल्ट; फरक ५ व्होल्ट. रोध काढण्यासाठी बॅटरीच्या जागी नुसती तार कल्पावी. तसे करताच अ आणि ड एकच बिंदू होतात, म्हणून ३ व ६ समांतर होऊन २ ओहम, १२ व ४ समांतर होऊन ३ ओहम आणि ब पासून क पर्यंत एकूण ५ ओहम.

बहुतेक मुले घसरतात ती इथे. ती ३ + ६ = ९ आणि १२ + ४ = १६ घेऊन त्यांना समांतर जोडतात. तो रोध बॅटरीला दिसणारा आहे, ब-क कडून पाहणाऱ्याला दिसणारा नव्हे. शंका असेल तर ब आणि क तारेने जोडून पाहावे. वर ३ व १२ समांतर, २.४ ओहम, खाली ६ व ४ समांतर, तेही २.४ ओहम. म्हणजे वर-खाली ६-६ व्होल्ट. ३ ओहममधून २ अँपिअर येतात, ६ ओहममधून १ अँपिअर खाली जातो, उरलेला १ अँपिअर तारेतून. पाच व्होल्टला पाच ओहमने भागल्यावर हेच येते.

आता ५ ओहमला ५/१० = ०.५ अँपिअर, २० ओहमला ५/२५ = ०.२ अँपिअर, तोंडी. मधल्या फांदीत डायोड घातला, तरी बाकीचा परिपथ रेषीय असल्यामुळे हे प्रमेय चालते. त्यावर ०.७ व्होल्ट पडतात असे धरले तर धारा ४.३/५ = ०.८६ अँपिअर.

सुपरपोझिशनची गोष्ट वेगळी. इथे स्रोत एकच आहे, तेव्हा तिचे कामच नाही. दोन-तीन स्रोत असून कोणाचा वाटा किती हे विचारले असेल तरच ती घ्यावी, आणि तीही संपूर्ण परिपथ रेषीय असेल तर; डायोड असलेल्या फांदीला ती लागू नाही. शिवाय वाटे धारेचे किंवा विभवांतराचे करायचे, शक्तीचे नाही. १ ओहममधून एका स्रोतामुळे १ आणि दुसऱ्यामुळे त्याच दिशेने २ अँपिअर धारा जात असेल, तर शक्ती १ + ४ = ५ वॅट नव्हे, ३ चा वर्ग म्हणजे ९ वॅट.

थेवेनिनचीही शक्तीच्या बाबतीत अशीच एक मर्यादा आहे. मधली फांदी उघडी असताना त्याच्या सममूल्य परिपथात धारा नाही, म्हणून शक्तीचा व्यय शून्य. प्रत्यक्ष सेतूत मात्र त्याच वेळी डाव्या बाजूस १४४/९ = १६ वॅट आणि उजव्या बाजूस १४४/१६ = ९ वॅट, असे २५ वॅट उष्णतेत जात असतात. तेव्हा बॅटरीवरचा भार किंवा रोध किती तापतील असे विचारले असेल, तर मूळ आकृतीकडे आणि नोड पद्धतीकडेच परत यावे लागते.