बेअरिंग वारंवार का जाते? फिरत्या चाकाच्या तोलाचा हिशोब

आमच्या एका नातेवाइकाच्या सायझिंग कारखान्यात गरम, दमट हवा बाहेर फेकणारा मोठा ब्लोअर आहे. त्याचे बेअरिंग दर दोन महिन्यांनी जाऊ लागले. बेअरिंग बदलले, ग्रीस बदलले, पायाचे बोल्ट कसले, तरी थरथर कायम. बेअरिंग गेले की सायझिंग थांबे आणि बीमची वाट पाहणारे लूमही उभे राहत. बाजारातले बेअरिंगच नकली, असे सर्वांचे मत पडले. दोष मात्र बेअरिंगचा नव्हता.

ब्लोअरचे चाक ढोलासारखे रुंद, वजन २४ किलो, वेग मिनिटाला १४४० फेरे. स्थानिक वर्कशॉपमध्ये त्याचा तोल पाहिला होता. शाफ्ट दोन समतल पट्ट्यांवर ठेवला, चाक कोणत्याही स्थितीत स्थिर राहिले, म्हणून "तोल बरोबर" असा निर्वाळा मिळाला. नंतर ते बॅलन्सिंग मशीनवर नेले तेव्हा तिथल्या बुजुर्ग कारागिराने सांगितले, "शेठ, तुमचं चाक उभं असताना बरोबर आहे, फिरताना नाही."

याचा अर्थ असा. चाकाच्या एका टोकाला वरच्या बाजूस ३० ग्रॅम जास्त आणि दुसऱ्या टोकाला बरोबर खालच्या बाजूस ३० ग्रॅम जास्त होते. पट्ट्यांवर ही दोन वजने एकमेकांना तोलून धरतात, म्हणून दोष दिसत नाही. चाक फिरू लागले की एक टोक वर ओढले जाते आणि त्याच क्षणी दुसरे खाली. चाक शाफ्टला पिळत डोलते. हा दोष फिरवूनच सापडतो आणि दोन्ही टोकांना वेगवेगळे वजन लावूनच निघतो. यालाच डायनॅमिक बॅलन्सिंग म्हणतात. पातळ, अरुंद पुली कमी वेगाने फिरत असेल तर पट्ट्यांवरची तपासणी बहुधा पुरते. रुंद चाकाला ती पुरत नाही.

तीस ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे कुणी म्हणेल. ते वजन आसापासून २५० मिलिमीटरवर होते. १४४० फेऱ्यांना त्याचा ओढा प्रत्येक टोकाला सुमारे १७ किलो वजनाइतका होतो, आणि तो सेकंदाला २४ वेळा दिशा फिरवतो. वेग दुप्पट केला तर हाच ओढा चौपट होतो. म्हणून जास्त हवेसाठी लहान पुली बसवून वेग वाढवला की कालपर्यंत चाललेले चाक आज बेअरिंग खाऊ लागते.

तोल शंभर टक्के कधीच होत नाही. थोडा असमतोल उरतोच. तो किती चालेल हे ग्रेड सांगते. आंतरराष्ट्रीय मानकात पंख्यांना जी ६.३ आणि कापड यंत्रांना त्याहून कडक जी २.५ सुचवलेली आहे. जी ६.३ म्हणजे चाकाचा गुरुत्वमध्य आसाभोवती सेकंदाला ६.३ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने फिरू नये. १४४० फेऱ्यांना हिशोब केला तर गुरुत्वमध्य आसापासून ४२ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी, सरकलेला चालतो. त्याला २४ किलोने गुणले की सुमारे १००० ग्रॅम-मिलिमीटर येतात. दोन टोकांत वाटून प्रत्येकी ५००, म्हणजे २५० मिलिमीटरवर फक्त २ ग्रॅम. आमच्या चाकात तिथे ३० होते! हलक्या बाजूंना पत्र्याचे तुकडे वेल्ड केल्यावर प्रत्येक टोकाला दीड ग्रॅम उरले आणि थरथर बसली.

थरथर असमतोलाचीच आहे का, हे आधी ओळखावे. मोटारीचा स्विच बंद करा. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष विजेच्या बाजूचा. वेगाबरोबर हळूहळू उतरली तर असमतोलाचा संशय घ्यावा. मात्र शाफ्ट वाकडा असेल किंवा पाया सैल असेल तर असमतोलाची वजने लावून उपाय होणार नाही. तसेच चाकाच्या पात्यांवर साठलेला कापसाचा तंतू आणि खळ आधी साफ करावी. मळासकट तोल केला तर मळ पडताच तो बिघडतो.

आणखी एक चूक चावीची. मोटारीचा रोटर बहुधा अर्ध्या चावीसह तोललेला असतो, शाफ्टच्या टोकावर तशी एच ही खूण असते. मग पुलीही अर्ध्या चावीसह तोलली पाहिजे. पुली पूर्ण चावीने तोलली तर दोन्ही सुटे भाग बरोबर असूनही जोडल्यावर असमतोल येतो.

म्हणून बॅलन्सिंगला माल देताना त्याचा चालू वेग, हवी ती ग्रेड आणि चावीची पद्धत लिहून द्या. परत घेताना दोन्ही टोकांना किती ग्रॅम-मिलिमीटर उरले, हे कागदावर लिहून मागा. केवळ "बॅलन्स केले" एवढ्यावर पैसे देऊ नका.