पडद्यावरचा फलक मुक्काम का चुकतो?

मोबाइलच्या पडद्यावर डाव्या कडेतून सरकत येणारी यादी तुम्ही पाहिली असेल. ती उघडत असताना किंवा मिटत असताना मध्येच पुन्हा बटण दाबून पाहा. बहुतेक वेळा ती शहाण्यासारखी मागे फिरते. पण एखाद्या कार्यक्रमात ती कडेपासून सुटून पुढेच जाऊन थांबते, किंवा बटण कितीही दाबले तरी हलत नाही. असे का व्हावे?

त्यासाठी फलक सरकतो कसा, हे आधी पाहू. व्यंगचित्रपटात मुख्य चित्रकार हालचालीचे पहिले आणि शेवटचे चित्र काढी आणि मधली चित्रे साहाय्यक भरत. इंग्रजीतील ‘इन-बिटवीन’ या शब्दावरून अशा मधल्या भरणीला ‘ट्वीन’ हे नाव पडले. संगणक हेच काम सूत्राने करतो. रॉबर्ट पेनर यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात दिलेली सूत्रे फार लोकप्रिय झाली. त्यांतले एक असे मांडता येते :

```
x = b + c * (1 - (1 - t/d)**2)
```

येथे t म्हणजे गेलेला वेळ, d म्हणजे एकूण वेळ, b हे आरंभीचे स्थान आणि c म्हणजे एकूण बदल. फलक आरंभी वेगाने निघतो आणि शेवटी हळूहळू थांबतो. वेगाच्या अशा चढउताराला ‘ईझिंग’ म्हणतात. c म्हणजे मुक्कामाचे ठिकाण नव्हे, तर किती सरकायचे ते अंतर, हे नीट लक्षात ठेवा. भौतिकीच्या भाषेत ते विस्थापन आहे, स्थान नाही. सारी गोम येथेच आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या. फलकाची रुंदी ३०० पिक्सेल आहे. x = ० असताना तो पूर्ण लपलेला आणि x = ३०० असताना पूर्ण उघडलेला असतो. मिटण्यासाठी b = ३००, c = −३०० आणि d = ०.४ सेकंद. बरोबर ०.२ सेकंदाने कंसातील किंमत ०.७५ येते, म्हणून फलक ३०० − २२५ = ७५ वर असतो. याच क्षणी तुम्ही ‘उघड’ म्हणता. निष्काळजी कार्यक्रम b = ७५ घेतो, पण c मात्र नेहमीचाच +३०० ठेवतो. फलक ३७५ वर जाऊन थांबतो आणि कडेशी ७५ पिक्सेलची फट राहते. योग्य रीत अशी, की c दर वेळी ‘मुक्काम वजा आत्ताचे स्थान’ असा नव्याने काढावा : ३०० − ७५ = २२५.

पेनर यांचे ‘बॅक’ नावाचे ईझिंग मुद्दामच मुक्काम ओलांडते, पण नेहमीच्या किमतीला सुमारे १० टक्केच, आणि मग परत येते. तो दोष नव्हे. ३७५ वरचा फलक परत येत नाही, यावरून दोष ओळखावा.

बटण न चालण्याचे कारण वेगळे आहे. फलक सरकू लागला की काही कार्यक्रम बटणाला कुलूप लावतात आणि ‘पोहोचलो’ असा निरोप आला की ते काढतात. तेवढ्यात पडदा आडवा केला आणि नव्या ट्वीनने जुनी मोडली, तर जुनीचा तो निरोप कधीच येत नाही. ब्राउझरमध्ये अशा वेळी `transitionend` ऐवजी `transitioncancel` हा निरोप येतो. कार्यक्रमाने त्याकडे कान दिला नसेल, तर कुलूप तसेच राहते. चाचणीसाठी d वाढवून ४ सेकंद करावा, म्हणजे मध्येच अडवणे सोपे जाते.

हे दोन्ही सुधारले तरी एक उणीव उरतेच. अडवल्या क्षणी आपला फलक सेकंदाला ७५० पिक्सेल वेगाने डावीकडे चालला होता, आणि नवे सूत्र त्याला एकदम ११२५ च्या वेगाने उजवीकडे पिटाळते. डोळ्यांना तो धक्का जाणवतो. सूत्राला फक्त स्थान ठाऊक, आधीचा वेग नाही! म्हणून काही कार्यक्रमांत ट्वीनऐवजी स्प्रिंगचे समीकरण वापरतात. त्यात वेग पुढे चालू राहतो, त्यामुळे फलक किंचित आणखी डावीकडे जाऊन मग वळतो. मात्र स्प्रिंगची हालचाल मंदावत जाते, पण गणिताने ती कधीच पूर्ण थांबत नाही. म्हणून अंतर अर्ध्या पिक्सेलहून कमी आणि वेगही नगण्य झाला, की फलक मुक्कामावर ठेवून कार्यक्रमानेच हिशेब थांबवावा लागतो.